आजीच्या फोनवर व्हिडिओ कॉलचं पान उघडेना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादाच्या मुलीच्या बारशाला आजी गावाकडून फोनवर हजर होती, हे नातेवाइकांत सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी तासभर तिच्या फोनवर ते पानच उघडत नव्हतं, हे हळूहळू कळलं, आणि तेव्हापासून मला बरेच जण तेच तेच विचारतात. बहुतेकांची आई, सासू किंवा आजी अशीच लांब गावी असते. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

नेमकं काय झालं होतं?

८ जून २०२५, रविवार. बारसं बंगळुरूला, दादाच्या घरी. मी पुण्यात. आजी-आजोबा अंबाजोगाई तालुक्यातल्या आमच्या गावी. आजीचे गुडघे इतक्या लांबच्या प्रवासाला तयार नाहीत, पण पाळणा तिनेच म्हणायचा असं वहिनीने आधीच ठरवून टाकलं होतं. दादाने सगळ्यांना एसएमएसने एक लिंक पाठवली. ती दाबली की ब्राउझरमध्ये पान उघडायचं आणि तिथेच सगळे एकमेकांना दिसायचे.

साडेदहाच्या सुमारास आजीचा फोन आला. "आगं माय, ते दादानं धाडलेलं दाबायलेय मी, पर काहीच येईना गेलंय. कुणाचंच तोंड दिसंना."

बारसं साडेअकराला होतं.

घरच्या कॉलसाठी ब्राउझरचं पान कशाला? नेहमीचं ॲप का नाही?

वहिनीकडची मंडळी, आमची मंडळी, कुणाचा फोन नवा, कुणाचा जुना, कुणाकडे एक ॲप, कुणाकडे दुसरं. लिंकवाल्या पानाला काहीच उतरवून घ्यावं लागत नाही. आणि आजीच्या बाबतीत ॲपने काम झालंच असतं असंही नाही, कारण दोष ॲपमध्ये किंवा पानात नव्हताच. तो फोनमध्ये होता.

आजीचा साधा कॉल तर नीट लागत होता. म्हणजे नेट चालू होतं ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि उत्तर आहे: तसं म्हणता येत नाही. बोलण्याचा कॉल आणि इंटरनेट या टॉवरकडून मिळणाऱ्या दोन वेगळ्या सेवा आहेत. एक चालू असून दुसरी बंद असू शकते.

याहून मोठी अडचण अशी की कधी कधी आपला मदतीचा कॉलच नेट बंद पाडतो. फोन आणि सिम दोन्हींवर 4G वरून बोलण्याची सोय चालू असेल, तर बोलता बोलता नेटही चालतं. वरच्या पट्टीत बारीक अक्षरांत VoLTE असं दिसतं, ती हीच सोय. ती नसली तर कॉल लागताक्षणी फोन 4G सोडून 2G वर उतरतो, 4G च्या जागी E दिसायला लागतो, आणि बोलणं संपेपर्यंत नेट बहुधा थांबून राहतं. मग आपण इकडून "आता दाबून बघ" म्हणत राहतो, तिकडे पान उघडत नाही, आणि कॉल ठेवल्याशिवाय ते उघडणारही नसतं.

आजीच्या फोनचं तसंच झालं. मी तिला विचारलं, "वर बॅटरीच्या बाजूला चार आकडा दिसतोय का?"

"न्हाई. एकलंच अक्षर हाय. तीन दात्याचं, फणीवानी."

तो E. मी तिला फोन ठेवायला सांगितलं आणि लगेच आजोबांच्या बटनाच्या मोबाइलवर कॉल लावला. तो आजोबांनी घेतला, स्पीकर चालू केला आणि आजीच्या शेजारी बाजेवर ठेवला. आता बोलायला एक फोन आणि दाबायला दुसरा. आजीचे दोन्ही हात मोकळे झाले, आणि तिच्या फोनवर पुन्हा 4G आलं. घरात दुसरा कुठलाही फोन असेल, शेजारचा असेल, तर पहिलं काम हे करा. मग पुढची निम्मी गडबड होतच नाही.

समोरचं काही दिसत नसताना आजीला काय विचारत होतीस?

"काय आलंय?" असं विचारलं की उत्तर "काहीच येईना" असंच येतं. आजीच्या दृष्टीने ते खरंच असतं. तिला माणसं दिसायला हवी होती, ती दिसली नाहीत, म्हणजे काहीच आलं नाही. पण फोनवर काहीतरी असतंच, आणि ते काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून मी रंग आणि आकार विचारते.

ब्राउझरमध्ये पान न उघडण्याच्या चार तऱ्हा बाहेरून ओळखता येतात. वर निळी रेघ अडकून राहिली किंवा गोल नुसतं फिरत राहिलं, तर नेट आहे पण मंद आहे. करड्या रंगाचा छोटा डायनासोर आला, तर नेटच नाही. पान आलं पण त्यात काळा चौकोन राहिला, तर बहुधा कॅमेऱ्याची परवानगी अडली आहे. आणि लाल त्रिकोण आला, तर नेट आहे, पान पाठवणाराही सापडला आहे, पण फोनला त्याची खात्री पटत नाही.

मी विचारलं, "आजी, पांढऱ्यावर कुठलं चित्र आहे का? त्याचा रंग सांग."

"लाल तिकोन हाय. मधी उभी काठी अन् खाली टिंब."

"त्याच्या खाली काय लिहिलंय? सगळं नको. मोठ्या अक्षरातलं वाच."

तिचा फोन मराठीत लावलेला आहे, त्यामुळे तिला वाचता येतं, सावकाश का होईना. ती एकेक शब्द वाचायला लागली आणि मध्येच थांबली. "आगं, हे तं म्हणायलंय की खाजगी न्हाई म्हणून. खाली चोरीचं बी काय तरी लिव्हलंय. म्हणून तं मी दर खेपेला बंद करायलेय. परवाच बातम्यात दाखवलं, कुणा मास्तरचे पैसे गेले म्हणून."

इथे उलगडा झाला. पान उघडतच नव्हतं असं नाही. पान उघडण्याआधी ताकीद येत होती, आणि आजी ती वाचून घाबरून बंद करत होती. तिने बरोबर केलं होतं, आणि मी तिला तसं लगेच सांगितलं. अशा वेळी "अगं त्यात घाबरायचं काय" असं म्हटलं, की पुढच्या वेळी ती खरी ताकीदही न वाचता दाबते.

त्या पानाच्या तळाशी इंग्रजीत एक बारीक ओळ असते. आजीला ती वाचता येत नाही, पण तुमच्यासाठी ही अक्षरं इथे देते, कारण वाचता येणारं कुणी जवळ असेल तर ही एकच ओळ सगळं सांगून जाते:

```
NET::ERR_CERT_DATE_INVALID
```

यातला DATE हा शब्द पाहायचा. तो असेल तर गाठ तारखेशी आहे. काही वेळा क्रोम याच्या पुढे जाऊन थेट तुमचं घड्याळ पुढे किंवा मागे आहे असं सांगतं आणि तारीख बदलायचं बटणही देतं. आजीला ते आलं नाही, तिला लाल त्रिकोणच आला.

मग ती ओळ न वाचता तारखेवर कशी पोचलीस?

मी आधी तिला दुसरं एक पान उघडायला लावलं. ती रोज सकाळी कीर्तन ऐकते, त्या पानाचं चित्र तिच्या फोनवर समोरच ठेवलेलं आहे. ते लगेच उघडलं. म्हणजे नेट ठीक. मग तीच दादाची लिंक मी माझ्या फोनवर उघडली, ती विनातक्रार उघडली. म्हणजे पान ठीक. नेट ठीक, पान ठीक, तरी फक्त आजीच्याच फोनवर लाल त्रिकोण, तर पहिला संशय त्या फोनच्या घड्याळावरच घ्यायचा असतो.

"आजी, फोनमध्ये किती वाजलेत?"

"पावणेअकरा."

माझ्याही फोनमध्ये तेवढेच वाजले होते. इथे बरेच जण फसतात आणि घड्याळ बरोबर आहे म्हणून पुढे जातात. वेळ बरोबर असून तारीख चुकलेली असू शकते. आजीच्या लक्षात न येण्याचं कारणही तेच. ती फोनमध्ये फक्त किती वाजले ते बघते. तारीख, वार, सण, सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

"फोन एकदा बंद करून परत उजेड कर. वाजलेल्याच्या खाली बारीक ओळ आहे, ती वाच."

"शनिवार..." ती थांबली. "आज तं आईतवार हाय की."

"पुढे वाच."

"बावीस नोव्हेंबर. आगं, हे काय भलतंच? परवा वटपौर्णिमा हाय. मृग लागायलाय, तुझे आजोबा बियाणाच्या पिशव्या मोजून बसलेत, अन् हे दिवाळी उरकून बसलंय व्हय?"

फोन साडेपाच महिने पुढे गेला होता.

तारीख चुकली म्हणून पान का अडावं? त्याचा काय संबंध?

जे पान कॅमेरा आणि माइक मागतं, ते आजकालचे ब्राउझर सुरक्षित जोडणीवरच चालू देतात. ही जोडणी सुरू होताना पान पाठवणारा संगणक आपलं एक प्रमाणपत्र दाखवतो: मी अमुक पत्त्याचाच आहे, आणि हे प्रमाणपत्र या तारखेपासून या तारखेपर्यंत चालेल. फोन ते प्रमाणपत्र तपासतो. कुणी दिलं आहे, पत्ता जुळतो का, आणि मुदतीत आहे का.

एसटीचा महिन्याचा पास घ्या. कंडक्टर पास बघतो, त्यावरची तारीख बघतो आणि आजच्या तारखेशी ताडतो. कंडक्टरच्याच डोक्यात नोव्हेंबर चालू असेल, तर जूनचा खरा पास त्याला संपलेला वाटणार, आणि तो तुम्हाला उतरवणार. पासात खोट नाही, तुमच्यात खोट नाही. आजीचा फोन असा नोव्हेंबरात बसलेला होता.

दादाने वापरलेल्या पानाचं प्रमाणपत्र मी नंतर लॅपटॉपवर पाहिलं. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर दाबलं की जोडणी सुरक्षित असल्याची ओळ येते, तिथून प्रमाणपत्र उघडता येतं. मुदत २ मे ते ३१ जुलै २०२५ अशी होती. ८ जून या दोहोंच्या मध्ये येतो, म्हणून माझ्या फोनने पान सोडलं. २२ नोव्हेंबर मुदतीच्या पुढे जातो, म्हणून आजीच्या फोनने अडवलं.

मग कीर्तनाचं पान कसं उघडलं? तारीख तर तीच होती.

माझ्या आत्यालाही हाच प्रश्न पडला होता, आणि फार चांगला प्रश्न आहे. प्रत्येक पानाच्या प्रमाणपत्राची मुदत वेगळी असते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते, तिची नेहमीची प्रमाणपत्रं ९० दिवसांची. विकत घेतलेली त्या काळात जास्तीत जास्त ३९८ दिवसांची असायची. कीर्तनाच्या पानाचं प्रमाणपत्र फेब्रुवारी २०२५ ते मार्च २०२६ असं होतं. त्यात जूनही बसतो आणि नोव्हेंबरही बसतो. म्हणून ते चुकीच्या तारखेतही बिनघोर उघडलं.

त्यामुळे "बाकी सगळं चालतं, एवढंच पान उघडत नाही" हे ऐकून पानाला दोष देऊ नका. तारीख चुकली की सगळं एकदम बंद पडत नाही. आज एक पान अडतं, उद्या दुसरं, आणि माणूस ज्याच्या त्याच्यावर खापर फोडत बसतो.

हे आता आणखी वाढणार आहे. प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्था आणि ब्राउझरवाले यांनी मिळून २०२५ च्या एप्रिलमध्ये ठरवलं की ही कमाल मुदत टप्प्याटप्प्याने खाली आणायची: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस. चोरीला गेलेलं प्रमाणपत्र फार काळ वापरता येऊ नये म्हणून ते योग्यच आहे. पण मुदत जितकी आखूड, तितकी फोनची थोडीशी चुकलेली तारीखही पान अडवायला पुरते.

त्या पानावर खाली "तरीही पुढे जा" असं असतं. ते दाबून वेळ का वाचवला नाही?

दोन कारणं. एक म्हणजे बऱ्याच पानांवर ती वाटच नसते. पानाने ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेलं असतं, की माझ्याकडे फक्त सुरक्षित जोडणीनेच ये, आणि मग ब्राउझर ताकीद डावलू देत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खरोखर कुणी मध्ये बसून खोटं पान दाखवत असेल, तेव्हाही आजीला असाच लाल त्रिकोण दिसेल. आज मी तिला सांगितलं की याकडे लक्ष देऊ नको, पुढे जा, तर बँकेच्या पानावरही ती तेच करणार. आणि ते मी शिकवलेलं असणार. तारीख दुरुस्त करायला पाच मिनिटं लागतात, तेवढी लागू द्यावीत.

तारीख दुरुस्त कशी केली? एकेक पायरी सांगशील?

मी आजीला वाक्याला एकच काम सांगत होते, आणि ते झाल्यावर तिने "झालं" म्हणायचं असं ठरवलं होतं. ती "झालं" म्हणेपर्यंत मी गप्प. मधल्या वेळात "दिसलं का, दिसलं का" केलं, की ती घाईने भलतीकडे दाबते.

"फोनच्या अगदी वरच्या कडेवर बोट ठेव आणि खाली ओढ, पडदा ओढल्यागत. दोनदा ओढ."

"झालं."

"एक दात्यांचं चाक दिसेल, बारकं. ते दाब."

"कुठंशी हाय? ... हां. घावलं. झालं."

"आता ओळींची यादी आली. बोटाने वर सरकवत पार शेवटाला जा. 'सिस्टम' असं लिहिलेलं दिसलं की थांब."

तिथे मध्ये बराच वेळ गेला, कारण बोट सरकवताना दर वेळी कुठली तरी ओळ दाबली जायची आणि ती भलत्याच ठिकाणी पोचायची. तिला मी एक गोष्ट पक्की सांगून ठेवली होती: चुकलीस तर मागे यायचं, फोन बिघडत नाही. आजोबा शेजारून म्हणाले, "बोट टेकवून ठिवू नको, नुसतं पुसल्यावानी कर." माझ्या कुठल्याही सांगण्यापेक्षा ते तिला लवकर समजलं.

"सिस्टम. झालं."

"त्यात 'तारीख आणि वेळ' अशी ओळ आहे. ती दाब."

"झालं. इथं बी बावीस नोव्हेंबरच हाय."

"आता सगळ्यात वरची ओळ बघ. वेळ आपोआप लावायची आहे ती. तिच्या शेजारी लांबट गोल बटण आहे. त्यातला ठिपका कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडं. मेलेल्या रंगाचा."

"तो दाब."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग आजी एकदम म्हणाली, "आलं! आठ जून आलं. आईतवार बी आला."

तुमच्या फोनमध्ये वाट थोडी वेगळी असू शकते. सॅमसंगमध्ये हीच ओळ 'जनरल मॅनेजमेंट' या भागात असते, शाओमीच्या बऱ्याच फोनमध्ये 'ॲडिशनल सेटिंग्ज' मध्ये. सापडली नाही तर सेटिंगच्या माथ्यावर शोधायची जागा असते, तिथे 'तारीख' लिहिलं की ती समोर येते. तिथेच वेळेचा विभागही बघून घ्या. तो भारताचा, GMT+05:30 असायला हवा. विभाग परदेशातला निवडलेला असेल तर मात्र तास-मिनिटं चुकीची दिसतात.

बटण चालू करूनही तारीख बदलली नाही तर?

फोन ही वेळ टॉवरकडून किंवा इंटरनेटवरून घेतो. इंटरनेटवरून वेळ विचारायला प्रमाणपत्र लागत नाही, त्यामुळे तारीख चुकलेली असतानाही ती मिळते. विमानाच्या चित्राचं बटण चालू करून थोड्या वेळाने बंद करा, म्हणजे फोन टॉवरला नव्याने जोडला जातो. त्यानेही झालं नाही तर फोन बंद करून चालू करा. तरीही नाही, तर आपोआपचं बटण बंद करून तारीख हाताने घाला आणि तेवढ्यावर काम भागवा.

त्यानंतर पान लगेच उघडलं का?

जुनं पान आधीच उघडं होतं, त्यात लाल त्रिकोण तसाच होता. ते बंद करून एसएमएसमधली लिंक नव्याने दाबायला सांगितली. या वेळी पान आलं आणि कॅमेरा, माइक वापरू का असं विचारलं. आजी पुन्हा थबकली. "हे बी इचारायलंय. दाबू का नगं?"

या वेळी दाब, असं मी सांगितलं, आणि का ते पण सांगितलं: पान दादाने पाठवलेलं आहे, आणि तू दिसायची असशील तर त्याला कॅमेरा लागणारच. ज्याचं कारण आपल्याला माहीत आहे ती परवानगी द्यायची, बाकी नाही. इथे चुकून नकार दिला गेला तर पान पुन्हा विचारत नाही. मग पत्त्याच्या डावीकडची खूण दाबून परवानग्यांमध्ये जाऊन कॅमेरा सुरू करावा लागतो.

पान चालू झाल्यावर आजोबांच्या मोबाइलचा कॉल ठेवायला विसरू नका. दोन्हींचे आवाज एकमेकांत शिरून शिट्टी वाजत राहते.

साडेअकराच्या आत आजी सगळ्यांना दिसली. फोन धान्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता, मागे ओसरीचा खांब. बाळाच्या कानात आत्याने नाव सांगितलं आणि आजीने पाळणा म्हटला. आवाज पोचायला किंचित उशीर लागत होता, म्हणून बंगळुरूच्या बायकांचं "जो बाळा जो जो" आजीला दर ओळीनंतर मागून ऐकू यायचं. तिने दुसऱ्या कडव्यापासून ओळ संपली की थांबायला सुरुवात केली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

तारीख बदलली कुणी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत धाकट्या आत्याचा मुलगा लातूरहून गावी राहायला आला होता. आजीच्या फोनवर तो जो खेळ खेळायचा, त्यात जीव संपले की नवे मिळायला थांबावं लागतं. तारीख पुढे केली की खेळाला वाटतं वेळ गेला, आणि जीव मिळतात. ही युक्ती मुलांमध्ये सर्रास आहे. तारीख पुढे करायची तर आधी आपोआपचं बटण बंद करावं लागतं, आणि ते परत चालू करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. सुट्टी संपली, तो गेला, फोन नोव्हेंबरातच राहिला. त्याला कुणी रागावलं नाही. मी त्याला प्रमाणपत्राची गोष्ट सांगितली, ती त्याला खेळापेक्षाही आवडली.

मुलांव्यतिरिक्तही कारणं असतात. बॅटरी पार उतरून फोन बरेच दिवस पडून राहिला, किंवा दुकानात बॅटरी बदलून आणली, की काही फोनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. तेव्हा उलटं होतं. प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही असं फोनला वाटतं, आणि मग जवळपास सगळीच पानं अडतात.

तारीख बरोबर आहे, तरी लाल त्रिकोण येतो. मग?

तीच लिंक तुमच्या फोनवर उघडून पाहा. तुमच्याकडेही त्रिकोण आला, तर बहुधा पान चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र खरोखर संपलं आहे. आजीच्या फोनमध्ये काही करू नका, पान चालवणाऱ्याला कळवा.

फक्त तिच्याकडेच येत असेल, तर ती वायफायवर आहे का विचारा. काही ठिकाणी वायफाय आधी नाव-नंबर भरायला लावतं आणि तोवर प्रत्येक पानाच्या आड येतं. वायफाय बंद करून सिमच्या नेटवर पाहिलं की कळतं.

दोन्ही नसेल तर फोनचं वय बघा. ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा त्या संस्थांची यादी फोनमध्येच असते, आणि फार जुन्या फोनमध्ये ती जुनीच राहिलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट सुरुवातीला ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर उभी होती, ते ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनच्या यादीत नाही. अशा फोनमध्ये तारीख कितीही नीट लावली तरी काही पानं अडतात. फायरफॉक्स हा ब्राउझर स्वतःची यादी बरोबर बाळगतो, त्यामुळे त्या फोनवर तो चालत असेल तर त्यात लिंक उघडून पाहावी.

तारीख चुकलेली असताना काढलेले फोटो आता कुठे गेले?

कुठे गेलेले नाहीत. त्यांच्यावर नोव्हेंबरची तारीख पडली आहे, म्हणून नोव्हेंबर उजाडेपर्यंत ते सगळ्यात पुढे दिसत राहतात आणि बारशाचे फोटो त्यांच्यामागे जातात. आजीने तक्रार केली ती याचीच: "लेकीचे फोटो खाली गेले, अन् वर नुसतं त्या पोराचं तोंड." गूगल फोटोज मध्ये फोटो उघडून वर सरकवलं की त्याची तारीख दिसते, आणि तिच्या शेजारच्या पेन्सिलीने ती बदलता येते. फोटो थोडेच असतील तर एकेक बदला. आजीच्या फोनमध्ये सुट्टीचे शेकडो होते, म्हणून बारशाचे तेवढे निवडून एक वेगळा अल्बम केला आणि तो तिला समोर लावून दिला.